पाळीच्या तोंडावर उसळणारा दमा

महिन्यातले तीन आठवडे पंपाची आठवणही होत नाही, आणि पाळी दोन-तीन दिवसांवर आली की छातीत घरघर सुरू होते, पहाटे खोकल्याने जाग येते. दमा असलेल्या बायका ही तक्रार डॉक्टरांकडे सहसा बोलून दाखवत नाहीत. ‘पाळीत अंगात अशक्तपणा येतोच’ असं म्हणून घरीच विषय मिटतो. वैद्यकात मात्र हा दमा नवा नाही. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या त्रासावर १९३१ साली लिहिलेल्या लेखातही त्याचा उल्लेख आहे. त्यानंतरच्या निरनिराळ्या पाहण्यांत, दमा असलेल्या बायकांपैकी साधारण २० ते ४० टक्के जणींनी पाळीच्या आसपास त्रास वाढतो असं सांगितलं.

बीजांडातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर पुढचे दहा-बारा दिवस शरीरात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, इस्ट्रोजेनही बऱ्यापैकी असतं. गर्भ राहिला नाही तर पाळीआधीच्या काही दिवसांत दोन्ही झपाट्याने खाली येतात. प्रोजेस्टेरॉन श्वासनलिकांभोवतीच्या स्नायूंना सैल ठेवायला मदत करतं. तो आधार नेमका याच दिवसांत निघून जातो. इस्ट्रोजेनच्या चढउतारांचा परिणाम ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींवर होतो. मुळातच सुजलेल्या श्वासनलिकांना एवढं निमित्त पुरतं. अर्थात सगळं कोडं अजून सुटलेलं नाही. हॉर्मोन प्रत्येकीचेच खाली येतात, दमा काहींचाच उसळतो. त्यामुळे रक्तातले हॉर्मोन मोजून हे निदान होत नाही. त्या तपासण्यांवर पैसे घालवण्यापेक्षा वही आणि पीक फ्लो मीटर जास्त उपयोगी.

पीक फ्लो मीटर म्हणजे जोरात फुंकायची प्लॅस्टिकची नळी. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. समजा, एका चौतीस वर्षांच्या बाईचा आकडा एरवी ३८० च्या आसपास असतो. पाळीच्या आदल्या दोन सकाळी तो २९० वर येतो आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी परत ३७० होतो. म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के घट. वीस टक्क्यांच्या वर गेलेली घट डॉक्टर गंभीरपणे घेतात. पण एका महिन्यावरून काही ठरवू नये. तो महिना दिवाळीच्या साफसफाईचा असेल, तर दोष माळ्यावरच्या धुळीचाही असू शकतो. लागोपाठ दोन-तीन पाळ्यांत आकडा त्याच दिवसांत घसरला, तरच संशय पक्का धरावा. मधल्या दिवसांतही तो घसरत असेल, तर मूळ दमाच नीट आटोक्यात नाही.

आणि बहुतेक वेळा गोम तिथेच असते. बरं वाटतंय म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप महिनाभर बंद, आणि त्रास झाला की फक्त तात्पुरता आराम देणारा निळा पंप. रोजचा पंप नियमित सुरू झाल्यावर पाळीआधीची घसरण बऱ्याच जणींत सौम्य होते. तरीही उरली, तर त्या दिवसांपुरता डोस वाढवायचा की दुसरी गोळी जोडायची, हे वही पाहून डॉक्टर ठरवतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींना फरक पडतो, पण केवळ दम्यासाठी त्या सरसकट द्याव्यात इतका पुरावा नाही.

आपल्याकडचा एक सापळा मात्र जरूर तपासावा. पोटदुखीसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी दम्याच्या काही रुग्णांना झटका येतो, विशेषतः नाकात वाढलेले मऊ कोंब असलेल्यांना. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत दम लागत असेल, तर दोष पाळीचा नाही, गोळीचा असू शकतो. गोळी कधी घेतली तेही वहीत लिहावं.

इसब याच दिवसांत खाजू लागतं, त्यामागेही हॉर्मोनच असू शकतात. इस्ट्रोजेन कमी झालं की त्वचेत ओलावा टिकत नाही. अशा वेळी मलम लालसर चट्टे दिसेपर्यंत राखून न ठेवता मॉइश्चरायझर आधीपासूनच जास्त लावावं. ओठावर पाण्याच्या फोडांचा झुपका येतो तो हर्पिसच्या विषाणूमुळे. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूत दबा धरून असतो आणि काही जणींत पाळीआधी जागा होतो. अॅसिक्लोव्हिर झिणझिण्या सुरू होताच घेतलं तर उपयोग होतो, फोड फुटल्यावर फारसा नाही.

दम्याच्या बाबतीत एवढं पक्कं लक्षात ठेवा: वाक्य पुरं करताना धाप लागत असेल, किंवा निळ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर ‘पाळी सुरू झाली की बसेल’ म्हणून वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.