फॉइलमधला बटाटा आणि हवाबंद पाकीट

एप्रिल 1994. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या एल पासो शहरात एका ग्रीक हॉटेलात जेवलेले 30 लोक आजारी पडले. कोणाला एकाचे दोन दिसू लागले, कोणाच्या पापण्या उघडेनात, कोणाला घास गिळता येईना. चौघांना श्वासाच्या मशीनवर ठेवावे लागले. आजाराचे नाव बोटुलिझम. शोध घेतला तेव्हा बोट गेले बटाट्याच्या चटणीकडे. त्यातले बटाटे अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून भाजले होते आणि तसेच गुंडाळलेले, फ्रीजबाहेर, बहुधा कित्येक दिवस ठेवले होते.

भाजलेल्या बटाट्यात विष आले कुठून? या जंतूचे बीज मातीत असते आणि मातीतूनच बटाट्याच्या सालीला चिकटते. ओल्या बटाट्याचा गर भट्टीतही शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेने हे बीज मरत नाही. फॉइलमुळे आत ओल टिकते, बाहेरची हवा पोचत नाही. या जंतूला हवा नकोच असते. बटाटा कोमट झाला की बीज जागे होते, वाढते आणि विष सोडते. त्या चटणीला पुन्हा उकळी मिळाली नव्हती. उकळी मिळाली असती तर विष नष्ट झाले असते, बीज मात्र तेव्हाही टिकले असते.

म्हणून फॉइलमधला बटाटा गरम असतानाच खावा. उरला तर फॉइल काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर उरेल इतका भाजूच नये. रात्रभर फॉइलमध्ये राहिलेला बटाटा, वास चांगला असला तरी, टाकून द्यावा. (आमच्या आया चुलीच्या निखाऱ्यात बटाटे उघडेच भाजत आणि तिथेच बसून खात. त्यात ही भानगड नव्हती.)

हवा काढून चिकटवलेल्या पनीरच्या पाकिटाचेही असेच. लोक म्हणतात, “पॅक आहे, बाहेर राहिले तर काय होते?” हवा काढल्याने अन्न आंबवणारे, वास आणणारे पुष्कळ जंतू थांबतात, हा मात्र थांबत नाही. म्हणजे सावध करणारा वासच जातो. पाकिटावर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असे छापले असेल तर ते दुकानातही थंडच असायला हवे. काउंटरवर कोमट पडलेले घेऊ नका. फ्रीज नसेल तर लागेल त्या दिवशीच आणा आणि लगेच शिजवा. दुधाचे काही खोके बाहेर टिकतात, कारण ते दूध फार जास्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. तसे त्यावर लिहिलेले असते.

लक्षणे बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात: तोंड कोरडे, बोबडे बोलणे, पापण्या जड, मग मान आणि हातापायांतले बळ जाणे. ताप नसतो, माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे घरचे “अशक्तपणा असेल” म्हणून थांबतात. थांबू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या आणि दोन-तीन दिवसांत काय खाल्ले ते डॉक्टरांना आपणहून सांगा. विषावरचे औषध जितके लवकर मिळेल तितके चांगले. नसांना झालेली इजा त्याने उलटत नाही, पुढची मात्र थांबते.