‘निघालोय’ म्हणजे नेमकं कुठे? कार्यक्रमाच्या दिवशीची यादी आणि फोन



इव्हेंट मॅनेजमेंटवाल्यांकडे इंटर्न म्हणून लागलं की पहिल्याच कार्यक्रमाला हातात एक यादी आणि फोन नंबर मिळतात. यादीवर मंडप, साऊंड, जनरेटर, आचारी, फुलं अशी नावं असतात. तिच्यावर खुणा करत जाणं सोपं वाटतं. पण खूण नेमकी कशाच्या आधारावर करायची, हे आज एका उदाहरणातून समजून घेऊ.

१. वेळ उलटी मोजा

समजा, सोनईत एका शाळेचा बक्षीस समारंभ शनिवारी सकाळी 11 वाजता आहे. साऊंडवाला राहुरीहून येणार आहे. त्याला “11 च्या आधी या” एवढंच सांगितलं तर काय होईल? तो साडेदहाला येईल आणि त्याच्या मते तो वेळेवरच आलेला असेल!

म्हणून शेवटाकडून मोजायचं. पाहुणे 10 पासून यायला लागतील, म्हणजे 9:30 ला सगळं तयार हवं. जोडणी आणि माईक तपासणीला दोन तास, म्हणजे 7:30. सामान उतरवायला अर्धा तास, म्हणजे गाडी 7 वाजता दारात हवी. एरवी पाऊण तासाचा रस्ता, म्हणजे राहुरीहून 6:15 ला निघायला हवं.

आता कॅलेंडर बघा. त्या शनिवारी अमावास्या असेल तर? शनी अमावास्येला शनी शिंगणापूरला मोठी गर्दी असते आणि शिर्डीकडून येणाऱ्या गाड्या राहुरी, सोनई अशाच येतात. साऊंडची गाडी त्याच रस्त्यावर अडकणार. म्हणून आणखी एक तास धरा आणि यादीत लिहा: ‘राहुरीहून 5:15 ला निघणे, सामान आदल्या रात्रीच गाडीत भरणे’.

२. ‘हो’ म्हणता येणार नाही असा प्रश्न विचारा

“दादा, निघालात का?” या प्रश्नाला “हो, निघालोच की” हेच उत्तर येतं. माणूस खोटारडा असतो असं नाही. त्याच्या डोक्यात निघण्याची तयारी सुरू झालेली असते, एवढंच.

त्याऐवजी आदल्या दिवशी विचारा, “दादा, गाडी कोण चालवणार? त्यांचा नंबर द्या. माईक किती आणताय?” सकाळी ड्रायव्हरलाच फोन लावा, “काका, आत्ता कोणतं गाव गेलं?” उंबरे गेलं, ब्राह्मणी आली असं उत्तर आलं तर गाडी खरोखर रस्त्यावर आहे. उत्तर अडखळलं तर ती अजून दारातच आहे असं समजा. लाइव्ह लोकेशन मागितलं तर उत्तमच.

प्रत्येक फोननंतर यादीत वेळ आणि मिळालेलं उत्तर लिहा. दुपारी वाद झाला तर ‘6:05, उंबरे’ ही नोंद उपयोगी पडते.

३. ‘आला’ आणि ‘चालू झाला’ यांत फरक आहे

जनरेटर मैदानात उभा दिसला की बरेच जण खूण करून मोकळे होतात. मग भाषण ऐन रंगात असताना लाईट जाते, जनरेटर सुरू होतो आणि भार न पेलल्यामुळे लगेच बंद पडतो.

जनरेटरवर आकडा केव्हीएमध्ये लिहिलेला असतो. ढोबळमानाने त्याला 0.8 ने गुणलं की किलोवॅट मिळतात. म्हणजे 25 केव्हीएचा जनरेटर 20 किलोवॅटपर्यंत, आणि तिथेही थोडी जागा शिल्लक ठेवलेली बरी. पण कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. 9:30 च्या आधी साऊंड, लाईट, पंखे सगळं एकदम लावून वीज जनरेटरवर घ्या आणि दहा मिनिटं चालू द्या. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, वायरींना तुम्ही हात लावू नका. डिझेल किती तास पुरेल, तेही विचारा. मगच खूण करा.

४. निर्णयाची वेळ आधीच ठरवा

गाडी आलीच नाही तर? गावातला एखादा साऊंडवाला अर्ध्या तासात येतो आणि दोन स्पीकर, दोन माईक लावायला पाऊण तास घेतो असं धरा. तर 9:30 ला तयार राहण्यासाठी त्याला उशिरात उशिरा 8:15 ला बोलवायला हवं. ही वेळ यादीत ठळक लिहा. आदल्या दिवशीच त्याला विचारून ठेवा आणि जादा पैशांना वरिष्ठांची परवानगी घ्या, कारण इंटर्नने परस्पर पैसे कबूल करू नयेत. 8:15 नंतर “येतीलच आता” म्हणत वाट पाहिली, तर पर्यायही हातातून जातो.

करून पाहा: आपल्या शाळेच्या पुढच्या कार्यक्रमासाठी पाच रकाने आखा: काम, कोणाकडे, किती वाजता हवं, डोळ्यांनी काय पाहिलं आणि निर्णयाची वेळ. चौथा रकाना रिकामा असेल तर ते काम झालेलं नाही, असं समजा.