सव्वीस आठवड्यांनंतरचं पत्र

बाळंतपणाची रजा किती मिळते, हे आता बहुतेकींना ठाऊक असतं. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे आहे. सत्ताविसाव्या आठवड्याचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. त्या सोमवारी साडेपाच महिन्यांचं बाळ घरी ठेवून एकदम पूर्ण दिवस कामावर जाणं अनेकींना जड जातं, आणि म्हणून काही कार्यालयं टप्प्याटप्प्यानं रुजू होण्याची सवलत देतात. ही सवलत तोंडी राहू नये, असं मला आग्रहानं सांगायचं आहे. कारण रुजू झाल्यावर काही काळ कमी तास काम करण्याचा हक्क आपल्या कायद्यानं दिलेला नाही. तो दोघांमधला करार असतो, आणि त्याचा पुरावा म्हणजे पत्र.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत लेखा विभागात काम करणारी बाई 6 जानेवारी 2025 ला रजेवर गेली आणि 20 जानेवारीला तिला मुलगी झाली. रजा संपवून ती 7 जुलैला रुजू होणार. तिची नेहमीची वेळ साडेनऊ ते सहा, जेवणाची अर्धी तास सुट्टी सोडून आठ तास. पगार 48,000 रुपये. तिच्या पत्रात असं असावं: 7 जुलैपासून चार आठवडे दहा ते साडेतीन, म्हणजे पाच तास. 4 ऑगस्टपासून चार आठवडे दहा ते साडेचार, म्हणजे सहा तास. 1 सप्टेंबरपासून पूर्ण वेळ.

पगाराचं गणितही तिथेच मांडायला हवं. तासांच्या प्रमाणात पगार द्यायचा ठरला, तर पाच तासांना महिन्याचा दर 30,000 आणि सहा तासांना 36,000 होतो. ही कपात कुणाला परवडणार नसेल आणि शिल्लक अर्जित रजा असेल, तर उरलेले तास त्या रजेतून भरून काढण्याची मागणी करता येते. यापेक्षाही महत्त्वाचं एक वाक्य बरेचदा सुटतं: ‘ही व्यवस्था तात्पुरती असून 1 सप्टेंबरपासून आपले पद, वेतन व कामाचे तास पूर्ववत राहतील.’ हे वाक्य नसेल, तर दोन महिन्यांची सोय कायमची अर्धवेळ नोकरी ठरू शकते. पुढच्या पगारवाढीच्या वेळी कमी झालेल्या आकड्यावरच हिशेब होतो, आणि भांडायला कागद नसतो.

आता दुधाच्या सुट्टीबद्दल. ती मात्र हक्काची आहे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा त्यासाठी सुट्टी द्यावी, असं 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात होतं आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आपल्या उदाहरणात ही मुदत 20 एप्रिल 2026 पर्यंत जाते. इथेच घोळ होतो. ‘तास कमी केलेत ना, मग वेगळी सुट्टी कशाला?’ असं म्हटलं जातं. पण एक करार आहे, दुसरा कायदा. एकाच्या बदल्यात दुसरं कापता येत नाही. म्हणून पत्रात दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत हवं, आणि सुट्टी किती मिनिटांची तेही. पंपानं दूध काढायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. खोलीपर्यंत जाणं, हात आणि पंपाचे भाग धुणं धरलं, तर प्रत्येक वेळी अर्धा तास लिहून घ्यावा.

खोलीचं वर्णनही नेमकं हवं. एसटी स्थानकांमुळे ‘हिरकणी कक्ष’ हे नाव आपल्याला परिचयाचं आहे. पण दारावर पाटी असून आत जुन्या फायलींचे गठ्ठे असतील तर उपयोग नाही. आतून कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंपासाठी विजेचा बोर्ड, जवळ नळ, आणि दूध ठेवायला फ्रिज. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तासच टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. स्वच्छतागृह ही पर्यायी जागा नव्हे, हेही लिहावं. वेळेवर दूध काढलं नाही, तर छाती दगडासारखी होते, कधी ताप येतो आणि हळूहळू दूधही आटतं. बैठकीमुळे ही वेळ सारखी पुढे ढकलली जात असेल, तर पत्र कागदावरच राहिलं असं समजावं.

आढाव्याची तारीख पत्रात हमखास हवी, आणि ती शेवटच्या दिवशी नको. इथे 18 ऑगस्ट योग्य. पूर्ण वेळ सुरू व्हायला दोन आठवडे उरतात, तेवढ्यात पाळणाघर किंवा आजीच्या वेळा बदलता येतात. त्या दिवशी विचारायचं एवढंच: तास पाळले गेले का, की कमी तासांत पूर्ण दिवसाचं काम आलं? दोन्ही सुट्ट्या मिळाल्या का? वरचं खाणं सुरू झाल्यावर बाळ कसं राहतं? गरज असेल तर दुसरा टप्पा वाढवायचा का? हा आढावा कामगिरीच्या मूल्यमापनात धरला जाणार नाही, हेही पत्रात नोंदवावं. जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलनं पाठवावं.

रुजू होण्याच्या तीन-चार आठवडे आधीच हे पत्र मागा, आणि तारखा, रक्कम व पूर्ववत होण्याचं वाक्य वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.