क्रियापदामागचा छोटा शब्द

इंग्रजी क्रियापदापुढे कोणता शब्द येतो, हे मराठी माणूस बहुधा आपल्या विभक्तीवरून ठरवतो. कधी ते जमते, कधी फसते. तीन प्रश्न सोडवून पाहा.

इट डिपेंड्स ___ द रेन. ऑफ, ऑन की फ्रॉम? उत्तर आहे ऑन. आपणही ‘पावसावर अवलंबून’ म्हणतो, म्हणून इथे मराठी कान साथ देतो. गंमत म्हणजे ‘डिपेंड’च्या लॅटिन मुळात आणि ‘अवलंब’मधल्या ‘लंब्’ धातूत एकच चित्र आहे, लोंबकळण्याचे.

शी मॅरीड ___ अ डॉक्टर. विथ, टू की काहीच नाही? काहीच नाही. ‘डॉक्टरशी लग्न केलं’ यातला ‘शी’ आपल्याला विथकडे ओढतो. पण मॅरी हे क्रियापद थेट कर्म घेते. मात्र विवाहित असण्याची स्थिती सांगायची असेल, तर ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’ असे टू हवेच. कृती आणि स्थिती यांतला हा फरक एकदा कळला की चूक सहसा होत नाही.

वी अराइव्हड ___ पुणे. टू, अॅट की इन? इथे इन. ‘पुण्याला पोचलो’ यातल्या ‘ला’मुळे टू सुचते, पण टू जाण्याची दिशा दाखवते, अराइव्हमध्ये प्रवास संपलेला असतो. म्हणून शहरासाठी इन, आणि स्टेशनसारख्या ठिकाणासाठी अॅट. ‘गो’ असते, तर टू बरोबर ठरले असते.