कंचेभागुबेव आणि बसमधले तेरा प्रवासी

सहावीच्या घटक चाचणीतला पाचवा प्रश्न असा होता : एसटी बस आगारातून निघाली तेव्हा तिच्यात ४२ प्रवासी होते. पहिल्या थांब्यावर ९ उतरले, ५ चढले. दुसऱ्या थांब्यावर ११ उतरले, ४ चढले. पदावली मांडा आणि आता बसमध्ये किती प्रवासी आहेत ते काढा. गुण तीन.

वर्गात गणितात जिचा हात नेहमी वर असतो, अशा मुलीची ही गोष्ट. पदावली तिने वाचता वाचताच मांडली : ४२ − ९ + ५ − ११ + ४. मग सवयीप्रमाणे समासात बारीक अक्षरांत लिहिलं, कं चे भा गु बे व. पदावलीत जे नाही ते खोडत गेली. कंस नाही, ‘चे’ नाही, भागाकार नाही, गुणाकार नाही. उरले बे आणि व, म्हणजे आधी बेरीज, नंतर वजाबाकी. तिला पदावलीत दोन बेरजा दिसल्या : ९ + ५ = १४ आणि ११ + ४ = १५. मग ४२ − १४ − १५ = १३. उत्तराखाली दोन रेघा मारून ती सहाव्या प्रश्नाकडे वळली.

पेपर हातात आला तेव्हा मांडणीचा एक गुण होता, पुढचे दोन गेले होते. बरोबर उत्तर ३१.

मराठी शाळेत शिकलेल्यांना कंचेभागुबेव नव्याने सांगायला नको. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या सहा शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला हा शब्द. एकाच ओळीत अनेक क्रिया आल्या तर कोणती आधी करायची, ते त्यावरून आठवतं. इंग्रजी माध्यमातली मुलं यासाठी ‘बॉडमास’ घोकतात. मंत्रासारखा तोंडात बसणारा हा शब्द चुकीचा नाही, पण त्यातली एक गोष्ट तो सांगत नाही, आणि ही मुलगी नेमकी तिथेच फसली.

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी पेपरकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “बसमध्ये ४२ जण आहेत. ९ उतरले. आता किती?”

“३३.”

“पाच चढले.”

“३८. मग अकरा उतरले, २७. चार चढले, ३१.” सांगून झाल्यावर ती थबकली. “पण बाई, कंचेभागुबेवमध्ये बे आधी आहे.”

“असू दे. मला एवढंच सांग, दोन्ही थांब्यांवर मिळून उतरले किती?”

“९ आणि ११, वीस.”

“आणि एकही माणूस चढला नसता तर बसमध्ये किती उरले असते?”

“बावीस,” ती म्हणाली, आणि आपल्या तेराकडे पाहत राहिली. नऊ माणसं चढूनही तिच्या बसमध्ये बावीसपेक्षा कमी लोक होते.

बाईंचा हा प्रश्न शाब्दिक उदाहरण सोडवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडणारा आहे. उत्तर अचूक माहीत नसलं तरी ते कुठल्या हद्दीत असायला हवं, हे गोष्टीवरून कळतं. इथे खालची हद्द २२, कारण जाणारे २० आहेत. वरची हद्द ५१, कारण कुणी उतरलंच नसतं तरी ४२ अधिक ९ एवढेच झाले असते. १३ या हद्दीत बसत नाही, म्हणजे आकडेमोड न तपासताही चूक पकडता येते. नुसती पदावली दिली असती तर ही सोय नव्हती, कारण ४२ − ९ + ५ − ११ + ४ या चिन्हांत ना बस दिसते ना माणसं.

मग चूक झाली कुठे? ते समजायला आधी हे बघावं लागेल की क्रियांना क्रम मुळात लागतो कशासाठी.

समजा, तुम्ही १५ रुपयांचे ५ वडापाव आणि १० रुपयांचे ३ चहा घेतले. हिशेब लिहिला : ५ × १५ + ३ × १०. गाडीवाला आधी वडापावचे ७५ काढतो, मग चहाचे ३०, आणि १०५ रुपये मागतो. पण ही ओळ नुसती डावीकडून उजवीकडे करत गेलो तर ७५ मध्ये ३ मिळवून ७८ होतात आणि त्यांना १० ने गुणल्यावर बिल ७८० रुपये होतं. ७५ रुपये होते आणि ३ कप होते. रुपयांत कप मिळवता येत नाहीत. गुणाकाराने कपांचे रुपये होतात, तेव्हाच बेरीज करण्याजोग्या दोन गोष्टी हाती येतात. म्हणून गुणाकार-भागाकार आधी आणि बेरीज-वजाबाकी नंतर. कंचेभागुबेवमधला ‘भागु’ आणि ‘बेव’ यांच्यातला क्रम असा सकारण आहे.

‘बे’ आणि ‘व’ यांच्यात मात्र असं कारण नाही. चढलेली माणसं आणि उतरलेली माणसं, दोन्ही माणसंच. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर उभ्या आहेत, त्यांच्यात वडील-धाकटं कुणी नाही. ओळीत डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार आणि गुणाकार यांचंही तसंच. म्हणजे कंचेभागुबेवमध्ये अक्षरं सहा असली तरी पायऱ्या चारच आहेत : कंस, चे, भागु, बेव. शब्द उच्चारायचा तर एक अक्षर दुसऱ्याच्या आधी यावंच लागतं, आणि ऐकणाऱ्याला तो पायऱ्यांचा क्रम वाटतो.

आता गंमत अशी की ‘भागु’ अक्षरशः पाळला, म्हणजे दर वेळी भागाकारच आधी केला, तरी उत्तर चुकत नाही. १२ × ६ ÷ ३ मध्ये आधी ६ ÷ ३ करा, १२ × २ म्हणजे २४. डावीकडून करा, ७२ ÷ ३, तेही २४. अमेरिकेतल्या मुलांवर हा प्रसंग उलट बाजूने येतो. त्यांच्या ‘प्लीज एक्स्क्यूज माय डिअर आंट सॅली’ या वाक्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी आहे. २४ केळी ४ मुलांत सारखी वाटली, तर ३ मुलांना मिळून किती? मांडणी २४ ÷ ४ × ३, उत्तर १८. पण गुणाकार आधी केला तर २४ ÷ १२ होऊन तिघांत मिळून दोनच केळी उरतात. बेरीज वजाबाकीच्या आधी लावण्याचा घोळ मात्र बॉडमास, आंट सॅली आणि कंचेभागुबेव या तिघांतही सारखाच आहे.

बाईंनी फळ्यावर तिचीच ओळ पुन्हा लिहिली आणि प्रत्येक संख्येभोवती गोल काढला. गोल काढताना संख्येच्या डावीकडचं चिन्हही आत घेतलं : (४२) (−९) (+५) (−११) (+४). वजाचं चिन्ह त्याच्या उजवीकडच्या एकाच संख्येचं असतं. ९ च्या मागे वजा आहे, कारण ते नऊ उतरले. ९ + ५ = १४ करताना तिने ९ चा वजा बाहेर ठेवला आणि उतरलेले नऊ व चढलेले पाच एकाच रांगेत उभे केले. मग त्या चौदांवर वजाचं चिन्ह लागलं आणि चढणारे पाचही बसमधून खाली उतरले. दुसऱ्या थांब्यावर चढणाऱ्या चौघांचं तेच झालं. नऊ जण मिळवायचे होते ते वजा झाले, म्हणजे फरक नऊच्या दुप्पट, अठरा. ३१ मधून १८ गेले की उरतात बरोबर १३.

अधिक-उण्याची ही चिन्हं छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा दिसतात ती १४८९ साली, लाइपझिगमध्ये, योहानेस विडमन याच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात. तिथे ती मालातली वाढ आणि तूट दाखवायला वापरली आहेत. म्हणजे तिथेही चिन्ह आकड्याला चिकटलेलं आहे : इतकं जास्त, इतकं कमी. बाईंचे गोल हेच सांगत होते.

एकदा चिन्ह संख्येला चिकटलं की गोल कसेही हलवता येतात. अधिकचे सगळे एकीकडे घ्या : ४२ + ५ + ४ = ५१. उण्याचे सगळे दुसरीकडे : ९ + ११ = २०. ५१ − २० = ३१. इथे बेरीज आधी झाली आणि वजाबाकी नंतर, म्हणजे ‘बेव’ पाळलं गेलं आणि उत्तरही बरोबर आलं. अधिक चिन्हाच्या संख्यांची बेरीज आधी करा, असा ‘बे’चा अर्थ घेतला तर तो चालतो. जिथे + दिसेल तिथल्या दोन्ही बाजूंच्या संख्या आधी मिळवा, असा घेतला की बस रिकामी व्हायला लागते.

तिला एकच गोष्ट पटत नव्हती. वर्षभर याच शब्दावर तिने उदाहरणं सोडवली होती आणि जवळजवळ सगळ्यांवर बरोबरची खूण होती. तेव्हा हे कसं चाललं?

संध्याकाळी तिने सरावाची वही काढली. पदावलीची वीस उदाहरणं होती. १८ ÷ ३ + ४ × २ − ५ यासारखी. आधी भागाकार-गुणाकार, मग ६ + ८ − ५, उत्तर ९. इथे बेरीज आधी करा नाहीतर डावीकडून करा, सारखंच. सतरा उदाहरणांत वजाबाकी अशी शेवटी आली होती, नाहीतर नव्हतीच. वजानंतर अधिक आलेली उदाहरणं तीन सापडली. त्यांतल्या दोघांत ३० − (१२ + ८) असा कंस होता, आणि कंसात बेरीज आधी करायचीच असते. तिसऱ्यात कंस नव्हता : २५ − ७ + ३. तिने उत्तर १५ लिहिलं होतं. बाईंनी त्याच्यावर लाल गोल करून २१ लिहिलं होतं, आणि शेजारी तिच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : ‘घाईत चूक’.