बँकेच्या पडद्यावरचे तीन रकाने

जून महिन्यात बँकेचं पाकीट आलं. जपानी बँकेचं पाकीट आमच्या घरी आलं की ते आधी दोन दिवस फ्रिजवर पडून राहतं, मग कोणीतरी धीर करून उघडतं. या वेळी मी उघडलं. आत एकच महत्त्वाची ओळ होती : पुढच्या महिन्यापासून घराचा हप्ता १,०७,४०८ येनवरून १,१३,७५७ येन.

निशी-कासाईजवळचा हा नवाकोरा फ्लॅट आम्ही २०२० मध्ये घेतला. कर्ज चार कोटी येन, मुदत ३५ वर्षं, बदलता व्याजदर ०.७ टक्के. तेव्हा इथे व्याज वाढतं ही गोष्ट कोणाला खरी वाटत नव्हती. मग मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवला, जानेवारी २०२५ पर्यंत तिचा दर ०.५ टक्क्यावर गेला आणि आमचा १.१ वर आला. बदलत्या दराच्या बऱ्याच कर्जांत दर मध्येच वाढला तरी हप्ता पाच वर्षं तोच ठेवतात. आमची पाच वर्षं नेमकी याच उन्हाळ्यात संपली.

रविवारी साताऱ्याला फोन लावला, तर बाबांचं एकच म्हणणं. "वीस लाख येन साठवलेत ना? टाकून मोकळे व्हा. कर्ज डोक्यावर नको." नवराही त्याच मताचा. शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा तो ७१ वर्षांचा असेल, हे त्याला खुपतं. मला मात्र दुसरंच दिसत होतं. गेल्या वर्षी आईचं अचानक ऑपरेशन झालं, तेव्हा विमानाचं तिकीट आणि रुग्णालयाची आगाऊ रक्कम याच वीस लाखांतून गेली होती, आणि कशीबशी पुन्हा भरून काढली होती. बँकेत एकदा भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणून म्हटलं, आधी हिशोब तर करू.

बँकेच्या संकेतस्थळावर मुदतीआधी पैसे भरण्याचा हिशोब करून देणारं एक पान असतं. पहिली ठेच रकमेलाच लागते. तिथे आकडे 万, म्हणजे 'मान', दहा हजारांत भरायचे असतात. आपण लाखांत विचार करतो. सोपी युक्ती अशी की लाखांच्या आकड्याला दहाने गुणायचं. वीस लाख म्हणजे २०० मान. मी आधी २० टाकलं आणि फायदा इतका किरकोळ का दिसतो म्हणून बराच वेळ डोकं खाजवत बसले.

दुसरा रकाना 返済期間, म्हणजे फेडीची मुदत. इथे ३५ नाही, उरलेली ३० वर्षं लिहायची, आणि कर्जाच्या जागी मूळचे ४,००० मान नाही, तर आजची शिल्लक. ती बँकेने पाठवलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात असते. आमची ३,४८७ मान होती. 金利, म्हणजे व्याजदर, १.१. हे पान तोच दर तीस वर्षं कायम धरतं. म्हणून एकदा १.६ टाकून पाहिलं, तर हप्ता १,२२,००० च्या आसपास गेला. असं होईलच असं नाही, पण तेवढा झेपेल की नाही हे आजच कळलेलं बरं.

मग दोन बटणं येतात. 期間短縮型 मध्ये हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. 返済額軽減型 मध्ये मुदत तीच राहते आणि हप्ता उतरतो. आमचे २०० मान टाकल्यावर पहिल्यात कर्ज दोन वर्षं आधी संपत होतं आणि व्याज सुमारे ७५ मान वाचत होतं. दुसऱ्यात वाचत होतं जेमतेम ३५ मान, पण हप्ता १,०७,२३२ वर येत होता, म्हणजे जवळजवळ जुन्याइतकाच! नवरा पहिल्यावर खूश, मी दुसऱ्यावर.

शेवटचा रकाना 繰上返済手数料, मुदतीआधी भरण्याचं शुल्क. तिथे आधीच शून्य लिहिलेलं होतं. आमच्या बँकेत ते शून्य फक्त ऑनलाइन भरणाऱ्यांसाठी आहे. काउंटरवर गेलं तर १६,५०० येन लागतात. वीस लाखांपुढे ही रक्कम लहान वाटते. पण कोणी दर वेळी दहा मान घेऊन काउंटरवर गेलं आणि हप्ता उतरवून घेतला, तर तीस वर्षांत वाचणारं व्याज साधारण १७,५०० येन, आणि त्यातले १६,५०० शुल्कातच गेले. शिवाय पानावरचा 'वाचलेलं व्याज' हा आकडा शुल्क वजा करून दाखवतात का, हेही तपासावं. त्या रकान्यात मुद्दाम एक लाख येन लिहून पाहा. आकडा हलला नाही, तर वजाबाकी आपल्यालाच करायची आहे. आमचा हलला नाही. घर विकून भारतात परतायचा बेत असेल, तर संपूर्ण कर्ज एकदम फेडण्याचं शुल्क वेगळं असतं, तेही आधी विचारून ठेवावं.

इतकं झाल्यावर ७५ मान वाचवायचे असं जवळपास ठरलंच होतं. पण एक गोष्ट त्या पानाला माहीतच नसते, ती म्हणजे करसवलत. आमच्यासारख्या २०२० मध्ये घेतलेल्या नव्या घराला पहिली दहा वर्षं दर ३१ डिसेंबरच्या शिल्लक कर्जाच्या एक टक्का रक्कम करातून परत मिळते, अर्थात तेवढा कर आपण भरत असलो तर. आता २०० मान भरले की शिल्लक तेवढी कमी होणार आणि सवलत वर्षाला दोन मानने घटणार. त्या २०० मानवरचं वर्षाचं व्याज किती? २.२ मान. म्हणजे २०२९ संपेपर्यंत पैसे भरणं आणि हातात ठेवणं जवळजवळ फिटंफाट! ७५ मानांचा फायदा खोटा नव्हता, पण तो तीस वर्षांवर पसरलेला होता, आणि त्यातली पहिली साडेचार वर्षं सवलत खाऊन टाकत होती.

रात्री वहीच्या एका पानावर हे सगळं मांडून नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने आकडे दोनदा तपासले आणि म्हणाला, "म्हणजे थांबायला महिन्याला जेमतेम दीडशे येन पडतात?" साधारण तेवढेच. ठरलं ते असं : वाढीव ६,३४९ येन दरमहा सोसायचे, वीस लाख हाताशी ठेवायचे, आणि जानेवारी २०३० मध्ये, ३१ डिसेंबर उलटल्यावर, ऑनलाइन भरायचे. मध्येच दर बराच वाढला, तर पुन्हा वही काढायची.

बाबांना फोनवर समजावलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. पण हे आईच्या औषधपाण्यासाठी ठेवलेत, हे तिला सांगू नकोस. उगीच काळजी करेल."

सांगितलं नाही. आता अंक हातात पडल्यावर तीच वाचेल.