फॉर्म्युलाच्या डब्यावरच्या सूचना मराठीत लिहून देताना

डब्यावरचा इंग्रजी मजकूर आजीसाठी किंवा बाळ सांभाळणाऱ्या ताईंसाठी मराठीत लिहिताना ‘90 मिली दूध करा’ असे लिहू नका. लेबलवर 90 मिली पाणी व 3 सपाट स्कूप असतील, तर आधी उकळून, लेबलवर सांगितले तितके निववलेले पाणी 90 च्या खुणेपर्यंत घ्यायचे, मग पावडर घालायची. तयार दूध साधारण 100 मिली भरते. पावडर आधी घालून 90 पर्यंत पाणी ओतले, तर दूध दाट होते; बाळाला बद्धकोष्ठता होऊ शकते, अंगातले पाणीही कमी पडू शकते. ‘सपाट’ हा शब्द गाळू नका, आणि स्कूप त्याच डब्यातला हवा. ‘स्टेरिलाइझ’ म्हणजे नुसते ‘धुवा’ नव्हे: बाटली साबणाने घासून, मग पाण्यात पूर्ण बुडवून उकळायची.